भाषणात संदर्भ तोंडानं कसा सांगावा? (किल्लारीवरच्या सादरीकरणासाठी विचारायलोय)

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. ३० सप्टेंबरला आमच्या कॉलेजात किल्लारीच्या भूकंपावर कार्यक्रम आहे. त्यातली पंधरा मिनिटं माझी. समोर भूगोलाचे प्राध्यापक, बीएस्सीची पोरं आणि पुनर्वसित गावांतली काही वडीलधारी मंडळी असणार.

हाताशी चौदा संदर्भ आहेत. मार्गदर्शक सरांचं म्हणणं असं, की दुसऱ्याचं संशोधन वापरलं तर त्याचं नाव तोंडानं घेतलंच पाहिजे, स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात टाकून भागणार नाही. म्हणून यादीतली पहिली ओळ आहे तशी वाचून बघितली: "हर्ष के. गुप्ता, १९९३, द डेडली लातूर अर्थक्वेक, सायन्स, खंड २६२, पृष्ठे १६६६ ते १६६७." मोबाइलवर वेळ लावली तर पंधरा सेकंद. चौदा संदर्भ म्हणजे साडेतीन मिनिटं नुसती यादीच झाली.

पूर्ण संदर्भ न वाचता ज्याचं श्रेय त्याला जावं, आणि "हे कुठून आणलंस?" असंही कुणी म्हणू नये, अशी काही रीत आहे का?

कोरडवाहू

पृष्ठ क्रमांक ऐकून कुणी वहीत उतरवून घेतला तर कळवा, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.

औसेकर_२

यूजीसीचा २०१८ चा नियम बघा. दहा टक्क्यांपर्यंत जुळणी असली तर काही होत नाही. पंधरा मिनिटांत दहा टक्के म्हणजे दीड मिनिट. तेवढं कुणाचंही बिनधास्त वापरा, नाव घ्यायची गरज नाही.

भूस्तर

औसेकर, तो नियम लेखी प्रबंधातल्या मजकुराच्या जुळणीचा आहे. भाषणाच्या मिनिटांना तो लागत नाही. आणि लेखी कामातसुद्धा "दहा टक्के नाव न घेता उचला" असा त्याचा अर्थ होत नाही.

तेरणाकाठ, आता तुमचं. लेख शोधून काढायला लागणारी माहिती लेखी यादीत असते. ऐकणाऱ्याला त्या क्षणी दोनच गोष्टी हव्या असतात: हे कोण सांगतंय, आणि त्याला ते कशावरून कळलं. त्यामुळं खंड, पृष्ठं आणि बहुतेक वेळा लेखाचं शीर्षकही तोंडातून काढून टाका. उरतं ते असं: "भूकंप झाला त्याच वर्षी, हैदराबादच्या एनजीआरआयचे तेव्हाचे संचालक हर्ष गुप्ता यांनी सायन्स या नियतकालिकात लिहिलं." याला सात-आठ सेकंद लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाचलेल्या यादीपेक्षा जास्त कळतं. "एनजीआरआयचे संचालक", म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे प्रमुख, यावरून माणूस कुठला ते समजलं. "त्याच वर्षी" यावरून हे सुरुवातीच्या दिवसांतलं लिखाण आहे, सगळा अभ्यास पुरा व्हायच्या आधीचं, हेही समजलं. यादीतला नुसता १९९३ हा आकडा ते सांगत नाही.

आणि चौदाच्या चौदा तोंडानं घ्यायचे नाहीत. आपला काळा दगड लाव्हापासून झाला हे शाळेच्या पुस्तकात आहे, त्याला नाव कशाला? तोंडी नाव चार ठिकाणी लागतंच: मोजून काढलेला आकडा, ज्यावर वाद आहे ती गोष्ट, ऐकून कुणी चमकेल ती गोष्ट, आणि कुणाची तरी स्वतःची कल्पना. या चाळणीतून तुमचे पाच-सहा उरतील. बाकीचे स्लाइडवर आणि लेखी यादीत.

गंगाखेडी

आम्हा जनाबाईच्या गावच्या लोकांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. कीर्तनकार तासन् तास दुसऱ्याचंच सांगतो आणि संदर्भ कधी चुकत नाही. अभंगातच सही असते: नामा म्हणे, जनी म्हणे, एका जनार्दनी, तुका म्हणे. शास्त्रज्ञांनी पण शेवटच्या ओळीत नाव गुंफायला पाहिजे होतं.

कोरडवाहू

"हर्ष म्हणे ऐसा हलला खडक" 😄

शब्दवेडा_परभणी

चेष्टेत निघालं, पण तेरणाकाठच्या प्रश्नाचा निम्मा भाग इथंच आहे. अभंगात सही शेवटी येऊन चालते, कारण अभंग कुणाचा ते कीर्तनकारानं आधीच सांगितलेलं असतं आणि निम्म्या श्रोत्यांना तो पाठही असतो. सादरीकरणात यातलं काहीच नसतं, आणि आपल्या मराठीची वाक्यरचना मात्र नाव शेवटी ढकलते. हे वाक्य मोठ्यानं वाचा:

"किल्लारीच्या खाली आधी नसलेली नवी भेग १९९३ साली पहिल्यांदाच फुटली असावी, अशी शक्यता कोलंबिया विद्यापीठ आणि आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी मांडली."

कागदावर यात काही चूक नाही. वाचणाऱ्याची नजर मागे-पुढे फिरते. ऐकणाऱ्याला मात्र "फुटली असावी" इथपर्यंत हे तुमचंच मत वाटतं. पोरांनी तर "नवी भेग" वहीत लिहून टाकलेलं असतं, आणि मग मागून "अशी शक्यता" येते. लिहिलेलं कुणी खोडत नाही. म्हणून बोलताना नाव आधी घ्या: "कोलंबिया आणि कानपूरच्या संशोधकांनी शक्यता मांडली, की ही भेग नवी होती."

शुद्धलेखनी

हा "की" फारशीतून आलेला आहे, आणि हल्ली तर जिथं तिथं घुसलाय. "असं", "अशी", "म्हणून" हीच मराठीची जुनी ठेवण. इंग्रजी वळणासाठी वाक्य उलटं कशाला करायचं?

शब्दवेडा_परभणी

शुद्धलेखनी ताई, फारशीतून आलेला असला तरी शेकडो वर्षं घरात राहिलाय, आता त्याला बाहेर कुठं काढता! पण तुमचा आक्षेप धरून तिसरी वाट निघते, आणि बोलताना मला तीच सगळ्यात बरी वाटते. दोन वाक्यं करा. "या प्रश्नावर कोलंबिया विद्यापीठ आणि आयआयटी कानपूर यांचं १९९६ चं काम आहे." थांबा, श्वास घ्या. "ही भेग नवी असावी, अशी शक्यता त्यात मांडली आहे." यात "की" पण नाही आणि नावही आधी आलं.

शुद्धलेखनी

हे चालेल.

बातमीदार_बीड

नाव आधी घेतलं तरी ते संपतं कुठं, हा दुसरा घोळ. वक्ता एनजीआरआयचं नाव घेतो, त्यांचा आकडा सांगतो आणि त्याच सुरात स्वतःचा निष्कर्ष पुढं जोडतो. ऐकणाऱ्याला सगळंच एनजीआरआयनं सांगितलं असं वाटतं. लेखात अवतरणचिन्हं असतात. भाषणात "अवतरण सुरू, अवतरण समाप्त" म्हणणारे आहेत, पण ते विधानसभेत शोभतं. त्यापेक्षा साधं सांगावं: "इथपर्यंत त्यांचं. आता यावरून मला जे वाटतं ते." चार सेकंदांत काम होतं.

आणखी एक. मूळ लेख वाचला नसेल आणि वर्तमानपत्रातल्या बातमीत त्याचा उल्लेख वाचला असेल, तर "अमुक संशोधक सांगतात" असं ठोकून देऊ नका. "बातमीत आलं होतं" असं म्हणा. जे डोळ्यांखालून गेलं त्याचंच नाव घ्यायचं, नाहीतर बातमीतली चूक तुमच्या तोंडून त्या संशोधकाच्या नावावर जाते.

माकणीवाला

इतका खल कशाला? किल्लारीचा भूकंप निम्न तेरणा धरणामुळं झाला हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलंच आहे. हर्ष गुप्तांचं नाव त्याच्यासाठीच गाजलंय. तेवढं ठणकावून सांगा, टाळ्या पडतील.

भूस्तर

माकणीवाले दादा, नाव बरोबर आहे, पण ते चुकीच्या भूकंपाला चिकटवलंय. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध यावर गुप्तांचं मोठं काम आहे ते कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. किल्लारीच्या बाबतीत धरणाची शक्यता चर्चेत आली, पण त्यावर एकमत नाही. तोंडी संदर्भात हा घोटाळा सारखा होतो. माणसाचं नाव आणि विषय एवढंच डोक्यात राहतं, आणि त्याचं एका ठिकाणचं काम दुसऱ्या ठिकाणी बोललं जातं. म्हणून कागदावर नावाशेजारी ठिकाण आणि साल लिहूनच ठेवावं, मग बोललात नाही तरी चालेल.

आणि "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय", "संशोधनातून दिसून आलंय" ही वाक्यं तोंडात आली की तिथंच थांबा. कर्ता कुठाय? कुणी, कधी, कशावरून याचं उत्तर नसेल तर ते वाक्य अजून बोलण्याजोगं झालेलं नाही.

माकणीवाला

एकमत नाही म्हणजे खोटं असंही नाही ना! गावात कुणालाही विचारा.

भूस्तर

खोटं म्हटलंच नाही. "गावात असं मानलं जातं" हाही प्रामाणिक संदर्भ आहे, तसंच सांगा. फक्त त्यावर हर्ष गुप्तांची सही करू नका.

आता क्रियापदाबद्दल, कारण नावापेक्षाही जास्त चुका तिथं होतात. किल्लारीला एनजीआरआयनं बोअर घेतला, त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला. हे मोजमाप आहे. "एनजीआरआयच्या मते बेसाल्ट ३३८ मीटर आहे" म्हटलं की मोजमापाचं मत झालं, जणू दुसऱ्याच्या मते ते दोनशेही असू शकेल. इथं "मोजलं", "आढळलं", "लागला" हवं.

भेगेच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. १९९६ साली दोन गटांचे लेख आले. एक सीबर आणि सहकाऱ्यांचा, म्हणजे कोलंबिया-कानपूरचा. त्यांच्या शीर्षकात "नवा भ्रंश" आहे, पण पुढं प्रश्नचिन्ह आहे. दुसरा राजेंद्रन आणि सहकाऱ्यांचा, तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्रातला. तो म्हणतो की जुनाच भ्रंश पुन्हा हलला. शीर्षक तोंडानं सांगितलं की पहिलं प्रश्नचिन्ह हवेत विरतं आणि उरतं "नवा भ्रंश झाला". ते चिन्ह क्रियापदात आणावं लागतं: "शक्यता मांडली". दुसऱ्या गटासाठी "दाखला दिला" किंवा "असं म्हणणं आहे". दोघांनाही "सिद्ध केलं" म्हणालात, तर एकाच खडकाबद्दल दोन विरुद्ध गोष्टी सिद्ध होतात, आणि समोरचे प्राध्यापक तिथंच हात वर करतील.

शब्दवेडा_परभणी

आणि चुकूनही "नवी भेग फुटली म्हणे" असं नको. लातूरकडं बोलता बोलता तोंडून सहज निघून जातं. "म्हणे" लावलं की आपला त्यावर विश्वास नाही असा सूर लागतो.

कोरडवाहू

म्हणजे "तुका म्हणे" चालतं आणि नुसतं "म्हणे" चालत नाही. मराठी शिकायला आलेल्या माणसानं काय करावं?

औसेकर_२

मघाचं माझं चुकलंच, मान्य. पण आकड्यांचं काय? मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा. भूकंपाची तीव्रताही कुठं ६.२, कुठं ६.४. सगळ्यांची नावं घेत बसलं तर परत यादीच.

बातमीदार_बीड

तीव्रतेला एकच घ्या, पण कुणाची ते सांगा: "अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ६.२." आणि त्याला "रिश्टर" जोडू नका. तो आकडा रिश्टरच्या मापाचा नाही. "६.२ तीव्रता" पुरे.

मृतांच्या बाबतीत मात्र दोन्ही सांगावे लागतात, कारण फरक मोठा आहे. राज्य शासनाचा म्हणून ७,९२८ हा आकडा दिला जातो, आणि अमेरिकी संस्थेच्या यादीत ९,७४८. बोलताना मी गोल करीन: "शासनाच्या नोंदीत जवळपास आठ हजार, अमेरिकी संस्थेच्या यादीत साडेनऊ हजारांच्या वर." चार अंकी दोन आकडे लागोपाठ कानावर पडले की एकही डोक्यात राहत नाही.

गंगाखेडी

इथं माझी हरकत आहे, आणि ही चेष्टा नाही. समोर ज्यांच्या घरातली माणसं गेली ते बसणार आहेत. त्यांच्यापुढं "जवळपास आठ हजार" म्हणायचं? त्या ७,९२८ मध्ये त्यांच्या घरातलं कुणी आहे. लांबी-रुंदीचा आकडा गोल करा, हा नको.

बातमीदार_बीड

भावना समजते. पण नेमका आकडा सांगितला तर तोच खरा असा अर्थ होतो, आणि नेमका कोणता खरा हेच तर ठरलेलं नाही. गोल आकड्यात निदान ती अनिश्चितता राहते.

शुद्धलेखनी

नेमका आकडा स्लाइडवर संस्थेच्या नावासकट मोठ्या अक्षरात, आणि तोंडानं गोल. दोघांचंही राहील.

गंगाखेडी

पाठीमागं बसलेल्या आजीला स्लाइड वाचता येते का, हा प्रश्न उरतोच.

फळ्यावरचा

स्लाइडचा विषय निघाला म्हणून सांगतो. तोंडानं घेतलेलं नाव आणि पडद्यावरचं नाव एकच पाहिजे. तुम्ही म्हणणार "कानपूरचा गट" आणि स्लाइडवर "सीबर इ., १९९६". पोरांना हे दोन वेगळे लोक वाटतात. एकतर दोन्हीकडं सीबर म्हणा, नाहीतर स्लाइडवर "सीबर इ., १९९६ (कोलंबिया-कानपूर)" लिहा.

दुसरं, ही ओळ तळाला टाकू नका. बहुतेक सभागृहांत पडद्याची खालची पट्टी पुढच्या रांगेतल्या डोक्यांमागं जाते. वर उजव्या कोपऱ्यात टाका. अक्षर अठराच्या खाली नको.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा कागद वेगळा करा. स्लाइडचा क्रमांक आणि त्यापुढं पूर्ण संदर्भ: शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठं, सगळं. ज्या पंधरा सेकंदांच्या ओळीनं तुम्ही हैराण झालात तिची जागा तिथं आहे. कुणी विचारलं की कागद बघून वाचा, तेव्हा कुणी झोपत नाही, कारण ते त्यानंच मागितलेलं असतं.

औसेकर_२

"इत्यादी" तोंडानं कसं म्हणायचं? "सीबर इत्यादी" म्हटलं तर किराणा सामानाच्या यादीसारखं वाटतं.

फळ्यावरचा

"सीबर आणि सहकारी." त्या लेखात सहा जण आहेत, सहाही नावं घेत बसू नका.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. चौदापैकी सहा तोंडी ठेवले. वादाचा परिच्छेद परत लिहिला, आता बघा:

"किल्लारीच्या बोअरमध्ये एनजीआरआयला ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला. मग त्या थराखाली हललं काय? यावर १९९६ साली दोन गटांनी लिहिलं. सीबर आणि सहकारी, म्हणजे कोलंबिया विद्यापीठ आणि आयआयटी कानपूर, यांनी भेग नवी असावी अशी शक्यता मांडली. राजेंद्रन आणि सहकारी, तिरुवनंतपुरमचे, यांचं म्हणणं वेगळं. भेग जुनीच होती आणि ती पुन्हा हलली. त्यांनी भूकंपानंतर प्रत्यक्ष इथं येऊन पाहणी केली होती. इथपर्यंत त्यांचं. आता आपल्या गावांसाठी यातून काय निघतं, ते माझ्या समजुतीनं सांगतो."

वेळ लावली, पस्तीस सेकंद. संदर्भ तीन, पण यादी वाचल्यासारखं वाटत नाही.

भूस्तर

छान उतरलंय. फक्त "त्यांनी प्रत्यक्ष इथं येऊन" यातले "त्यांनी" कोण? वाक्य राजेंद्रनांच्या मागं आलंय म्हणून कानाला त्यांचंच वाटतं, आणि सीबरांच्या गटानं जणू घरी बसून लिहिलं असा अर्थ निघतो. तुम्हाला तसं म्हणायचंय का? नसेल तर ते वाक्य काढा. असेल तर नाव परत घ्या, आणि ते कुठं वाचलं तेही त्या अर्ध्या कागदावर लिहा.

तेरणाकाठ

नाही मॅडम, तसं म्हणायचं नव्हतं. ओघात आलं. काढतो ते वाक्य.

मृतांच्या आकड्याचं मात्र अजून ठरत नाही. गंगाखेडी काका म्हणतात ते मनाला पटतं, बातमीदार म्हणतात ते डोक्याला. सध्या कागदावर दोन्ही लिहून ठेवलेत.

कोरडवाहू

आजीला पुढच्या रांगेत बसवा, तेवढा तरी प्रश्न सुटेल.